आधी मीटर वाचा, मग तळमजल्याला नावं ठेवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

लिफ्टच्या बिलावरून तळमजल्यावरच्या लोकांना ‘फुकटे’ म्हणणारं पत्र आपण काल छापलंत. मी म्हापशात तळमजल्यावर राहतो, दर महिन्याला पूर्ण वाटा भरतो, आणि हा शब्द मला फार लागला. आमच्या वार्षिक सभेत हाच शब्द सर्वांसमोर ऐकून घेतला आहे. तेव्हा मी एवढंच विचारलं होतं की कॉमन मीटरवर नक्की काय किती जळतं? उत्तर कोणाकडेच नव्हतं, म्हणून आवाज चढले.

आमची इमारत तळमजला अधिक चार मजल्यांची, वीस घरांची. पुढे चेअरमननी माझं ऐकलं आणि परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून मुख्य कॉमन मीटरच्या पुढे तीन सबमीटर बसवून घेतले: एक लिफ्टला, एक पंपाला, एक दिव्यांना. महिनाभर रोज सकाळी सात वाजता मी स्वतः वहीत रीडिंग लिहिलं.

ज्या लिफ्टवरून दोन वर्षं दोन शेजारी एकमेकांशी बोलत नाहीत, तिला लागले महिन्याला १२० युनिट. म्हणजे घरामागे सहा. घरातला ७५ वॅटचा पंखा रोज पावणेतीन तास फिरला तरी साधारण तेवढेच होतात. जिन्यातले, कॉरिडॉरमधले आणि आवारातले जुन्या चोकचे २४ ट्यूबलाइट मात्र बारा-बारा तास जळून ४३२ युनिट खात होते. इतक्या भांडणात दिव्यांचं नाव कोणी काढलं नव्हतं.

‘जितका वरचा मजला तितका जास्त वाटा’ हा उपायही मी तपासला. रात्री साडेदहाला आणि सकाळी साडेआठला लिफ्टचं रीडिंग घेतलं. त्या रात्री लिफ्ट मुद्दाम बंद न करता फक्त कोणी वापरायची नाही असं ठरवलं होतं. तरी एक युनिट पडलं! केबिनचा दिवा, पंखा आणि वरच्या खोलीतलं कंट्रोल पॅनल चोवीस तास चालूच असतं. रोजच्या चार युनिटांतले अडीचच्या आसपास असे उभ्या उभ्या जातात. त्यांचा चौथ्या मजल्याशी काय संबंध? महाराष्ट्रातल्या सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत लिफ्टचा खर्च, कोणी वापरो न वापरो, त्या इमारतीतल्या सर्व सदस्यांत समान वाटायला सांगितलं आहे. मला ते पटतं. लिफ्ट आणि दिवे समान, बंद घरांनाही, कारण घराला कुलूप लावलं म्हणून जिना अंधारात ठेवत नाहीत. बिलातला स्थिर आकारही तसाच वाटावा.

पाण्याचं तसं नाही. आमचा दोन एचपीचा पंप तासाला सुमारे दोन युनिट घेतो. वीस घरांचं पाणी सव्वा तासात वर चढायला हवं, पण तो तीन तास चालत होता. वरच्या टाकीचा बॉल व्हॉल्व्ह बसतच नव्हता. ओव्हरफ्लोच्या पाइपाखाली भर एप्रिलमध्ये मागच्या भिंतीवर हिरवंगार शेवाळ होतं आणि ते रोज सगळे बघत होते. व्हॉल्व्ह बदलल्यावर पंप महिन्याला १८० वरून ७५ युनिटांवर आला.

हे ७५ युनिट माणशी वाटावेत असं माझं म्हणणं. आमच्याकडे तीन फ्लॅट पर्यटकांना भाड्याने दिले जातात. मालक बाहेरगावी, आणि पाहुणे समुद्रावरून येऊन दिवसाला दोनदा अंघोळ करतात. अशा घराची माणसं खाटांवरून मोजावीत आणि बंद घराला किमान एक माणूस धरावा. आमच्याकडे अशी बेरीज ६२ झाली. आम्ही दोघं नवरा-बायको, आम्हाला अडीच युनिट, सहा खाटांच्या फ्लॅटला सव्वासात. समान वाटणीत दोन्ही घरांना पावणेचारच येत होते.

आणखी एक गोष्ट लिहिल्याशिवाय राहवत नाही. पहिल्या महिन्यात तिन्ही सबमीटरची बेरीज ७३२ आली आणि मुख्य मीटरने ७९२ दाखवले. हे साठ युनिट गेले कुठे? तिन्ही सबमीटरचे स्विच खाली केले तरी मुख्य मीटर चालूच होता. वायर धरून शोधत गेलो तर पार्किंगमधल्या खांबावरचा सॉकेट, आणि त्याला रोज रात्री चार्जिंगला लावलेली एका सदस्याची स्कूटर. सभेत मला ‘फुकटे’ म्हणणारे गृहस्थ तेच. त्या सॉकेटला चौथा सबमीटर लावून त्याचं बिल त्यांच्या नावावर टाका, असा लेखी अर्ज मी समितीला १५ दिवसांपूर्वी दिला आहे. अजून पोचसुद्धा मिळालेली नाही.

आपला,
तळमजल्यावरचा एक वाचक, म्हापसा