घाबरलेल्या पेशंटशी पहिलं बोलणं

वाळपई, सत्तरी

प्रिय सुमे,

ऑपरेशन थिएटरमधून वॉर्डात आलीस, आता ॲडमिशनला घाबरलेल्या पेशंटशी काय बोलू, असं विचारलंस. परवाचे काका सांगते.

सत्तरीतल्या एका वाड्यावरचे, हर्नियाच्या ऑपरेशनसाठी आलेले. नाव विचारलं तरी उत्तर मुलगाच देत होता आणि काका चादरीचं टोक पिळत बसलेले. मी स्टूल ओढून त्यांच्या नजरेसमोर बसले, फाईल बाजूला ठेवली आणि म्हटलं, "काका, मी तुमची सिस्टर. सांजमेरेन मीच आहे हांगा. तुम्हाला काय म्हणून हाक मारू?" माझं नावही सांगितलं. इंग्लंडमधल्या केट ग्रेंजर या डॉक्टर कॅन्सरने स्वतः ॲडमिट झाल्या, तेव्हा बरेचजण नाव न सांगताच हात लावतात हे त्यांना खुपलं. 2013 मध्ये त्यांनी 'नाव सांगा' एवढीच मोहीम सुरू केली. मला ती फार पटते.

"घाबरू नका" मी म्हणत नाही. त्यावर माणूस "नाही" म्हणतो आणि गप्प होतो. मी विचारलं, "सगळ्यात जास्त कशाची काळजी वाटते?" मुलगा बोलणार होता, त्याला हाताने थांबवलं. बऱ्याच वेळाने काका म्हणाले, "पाठीत सुई मारतात, मग पाठ कायमची जाते म्हणे."

भीती ऑपरेशनची नव्हतीच! मी सांगितलं, सुई टोचेल, कंबरेखाली काही तास बधिर वाटेल, पाय हलणार नाहीत, मग हळूहळू पायांना जाग येते. कुणाकुणाचं नंतर डोकं दुखतं, तसं झालं तर लगेच सांगा. बाकीचं भुलीच्या डॉक्टरांना विचारायला संध्याकाळी मी त्यांना तुमच्यापाशी आणते. "काही दुखणार नाही" असं कधी सांगू नकोस गं. पहिल्याच सलाईनच्या सुईला ते खोटं ठरतं आणि पुढचं तुझं काहीच खरं वाटत नाही.

आणि एक, भीतीच आहे असं धरून चालू नकोस. घाम, धडधड, अस्वस्थपणा हे साखर उतरल्यावर किंवा ऑक्सिजन कमी पडल्यावरही होतं. म्हणून बसल्या बसल्याच बोटाला प्रोब लावला, साखर बघितली. ऑक्सिजन 98, साखर 126. बीपी मात्र आल्या आल्या 172/100 भरलं होतं. बोलून झाल्यावर पाठ टेकवून, पाय जमिनीला लावून पाच मिनिटं त्यांना गप्प बसवलं, कारण बोलताना बीपी चढतंच. मग 144/86. दोन्ही आकडे वेळेसकट लिहिले. उतरलं नसतं तर लगेच डॉक्टरांना कळवलं असतं.

निघताना बेल दाखवली आणि त्यांच्याकडूनच एकदा दाबून घेतली. नुसती दाखवली तर रात्री संकोचाने दाबत नाहीत, बाथरूमला एकटेच उठतात आणि पडतात.

तुझ्या वॉर्डात स्टूल नसेल तर आधी इन्चार्जकडे तेच माग.

तुझी,
शालू