सूचना : फोटो पाठवण्याआधी त्याचा तपशील पाहा

सर्व सभासदांना नमस्कार,

परवा ग्रुपवर विकायच्या सायकलचा फोटो आला. चित्र स्वच्छ दिसावं म्हणून तो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला होता. मी डाउनलोड करून गॅलरीत उघडला आणि वर सरकवला. खाली फोनचं मॉडेल, सकाळी ७:४२ ही वेळ आणि नकाशावर एक खूण दिसली. ती खूण थेट फोटो पाठवणाऱ्या सभासदांच्या घरावर होती. त्यांना लगेच फोन करून तो फोटो ग्रुपवरून हटवायला लावला.

फोनच्या मॉडेलवरून फार काही कळत नाही. काळजी आहे ती जागेची. फोटोतले अक्षांश-रेखांश मोकळ्या जागेत बहुधा काही मीटरपर्यंत अचूक असतात, म्हणजे नुसता परिसर नाही, इमारतसुद्धा कळते. त्यात वेळ जोडली की त्या वेळी कोण कुठे होतं हेही उघड होतं. मुलांच्या फोटोंबाबत तर मला याची फार धास्ती वाटते.

व्हॉट्सॲपवर फोटो नेहमीसारखा ‘फोटो’ म्हणून पाठवला तर ही माहिती गळून पडते. डॉक्युमेंट म्हणून किंवा ईमेलला जोडून पाठवला तर मूळ फाइल जशीच्या तशी जाते. आयफोनवर शेअर करताना वरच्या ‘ऑप्शन्स’मध्ये लोकेशन बंद करता येतं. इतर फोनवर कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये लोकेशन बंद करा, पण त्याने जुन्या फोटोंतली नोंद पुसली जात नाही. अशा फोटोचा स्क्रीनशॉट काढून तोच पाठवा. दारावरची पाटी चित्रात येत असेल तर तीही कापा.