स्लॅब भरण्यापूर्वी पाइपांच्या स्लीव्ह बसवून घेण्याबाबत

प्रति,
मा. अध्यक्ष, व्यवस्थापन समिती

महोदय,

पुनर्विकासाच्या इमारतीचा दुसऱ्या मजल्याचा स्लॅब येत्या आठवड्यात भरला जाणार आहे. परवा आपल्या परवानगीने मी साइटवर गेलो, तेव्हा शटरिंगवर सळया बांधून झाल्या होत्या आणि विजेचे कंड्युटही टाकले होते, मात्र संडास-बाथरूमच्या जागी पाइपांसाठी एकही स्लीव्ह, म्हणजे पाइप आरपार नेता यावा म्हणून काँक्रीटच्या आधी बसवायची नळी, दिसली नाही. विचारल्यावर सुपरवायझर म्हणाले, "नंतर फोडून घेऊ, नेहमी तसंच करतो."

हे 'नेहमीचे' काम आपल्या जुन्या इमारतीत मी पाहिले आहे. माझ्या बाथरूमखालच्या बीममधून पाइप काढताना प्लंबरने छन्नीने भोक पाडले आणि मुख्य सळयांना वेढणाऱ्या, आड येणाऱ्या दोन रिंगा कापून टाकल्या. काही वर्षांनी तेथील प्लास्टर सुटले, तेव्हा आतली सळई गंजून फुगलेली निघाली.

आताच्या कामातील एकच उदाहरण देतो. बाथरूमचा ११० मिलिमीटरचा आडवा पाइप डक्टकडे जाताना ६०० मिलिमीटर खोलीच्या बीमला छेदतो. त्यासाठी १६० मिलिमीटर व्यासाच्या पीव्हीसी पाइपचा तुकडा स्लीव्ह म्हणून पुरतो. तो बीमच्या खोलीच्या मधल्या तिसऱ्या भागात, म्हणजे तळापासून २०० ते ४०० मिलिमीटरच्या पट्ट्यात यायला हवा, कारण मुख्य सळया वर आणि खाली असतात. कॉलमजवळ बीमवर कातरबल सर्वाधिक असते, म्हणून तिथे भोक नकोच. रिंगा १५० मिलिमीटरवर असतील तर स्लीव्ह त्यांच्या मध्ये बसणार नाही. रिंगा सरकवून दोन्ही बाजूंना जादा रिंगा कशा द्यायच्या, हे आपल्या आर.सी.सी. सल्लागारांनीच नकाशावर काढून द्यावे. छन्नीवाल्याला हा प्रश्न पडतच नाही.

उंचीही आधीच ठरवावी लागते. २.४ मीटरच्या पाइपला ६० ला १ असा उतार धरला, तर ट्रॅपपासून डक्टपर्यंत तो ४० मिलिमीटर खाली येतो. स्लीव्ह तेवढी वर बसली, तर पाइप सपाट राहील किंवा उलट उतार लागेल.

स्लॅबमधील उभ्या स्लीव्ह तयार फरशीच्या किमान ५० मिलिमीटर वर याव्यात, म्हणजे वॉटरप्रूफिंगचा कोबा त्यांच्याभोवती चढवता येतो. सर्व स्लीव्ह सळयांना तारेने घट्ट बांधाव्यात आणि तोंडे थर्माकोलने बंद करावीत, नाही तर व्हायब्रेटर लागताच त्या सरकतात आणि आत सिमेंटचा रस भरतो. (मग पुन्हा छन्नी आलीच.)

तरी प्लंबिंगचा नकाशा आर.सी.सी. नकाशावर ठेवून प्रत्येक स्लीव्हची जागा निश्चित करावी आणि प्लंबर व सल्लागार यांनी स्लीव्ह पाहून सही केल्याशिवाय काँक्रीटची गाडी मागवू नये, असे कंत्राटदारास लेखी कळवावे, ही विनंती. पाहणीच्या वेळी मी हजर राहीन.

आपला,
एक सभासद