भाडे हे देणेच, पण मोजायचे एकदाच

मा. संपादक,
स. न.

कालच्या अंकातील अर्थविषयक पानावर साखळी दुकानांच्या दोन कंपन्यांची तुलना करणारा लेख वाचला आणि राहवले नाही म्हणून हे पत्र लिहीत आहे. लेखाची भाषा सोपी आहे, मेहनतही दिसते. पण त्यातील मूळ विधानच चुकीचे आहे. 'ऑपरेटिंग लीज ताळेबंदाबाहेर राहते, फायनान्स लीज ताळेबंदात येते' हे वाक्य आपल्याकडील शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीसाठी १ एप्रिल २०१९ पासून खरे राहिलेले नाही. त्या दिवशी भाडेकरारांचे इंड एएस ११६ हे नवे लेखामानक लागू झाले आणि साधे भाडे व जवळपास खरेदीसारखा करार हा भेद भाड्याने घेणाऱ्यापुरता तरी संपला. बारा महिन्यांपर्यंतचे करार आणि किरकोळ किमतीच्या वस्तू सोडल्या, तर प्रत्येक भाडेकरार ताळेबंदात दोन ठिकाणी दिसतो. मालमत्तेच्या बाजूला जागा वापरण्याचा हक्क आणि देण्यांच्या बाजूला लीज लायबिलिटी, म्हणजे पुढच्या भाड्यांचे देणे. भाड्याने देणाऱ्याच्या वहीत मात्र ऑपरेटिंग आणि फायनान्स हे दोन्ही प्रकार आजही आहेत.

याहून गंभीर गोष्ट तक्त्यात आहे. एका कंपनीला तुम्ही 'कर्जमुक्त' म्हटले आणि दुसरीला 'कर्जाच्या ओझ्याखाली'. पहिली बाजारात नोंदलेली नाही आणि तिचे हिशेब अजून एएस १९ या जुन्या लेखामानकाप्रमाणे होतात, कारण नक्त मूल्य २५० कोटींच्या आत असलेल्या अशा कंपनीला, ती मोठ्या समूहाचा भाग नसेल तर, इंड एएसची सक्ती नाही. एएस १९ मध्ये ऑपरेटिंग लीजचे भाडे फक्त नफा-तोटा पत्रकात खर्च म्हणून पडते, ताळेबंदात एक रुपयाही येत नाही. दुसरी कंपनी नोंदलेली, म्हणून तिच्या दुकानांचे पुढच्या वर्षांचे भाडे देणे म्हणून समोर दिसते. दोघींची दुकाने भाड्याचीच आहेत. नोंदलेलीने ते ताळेबंदात दाखवले, पहिलीने फार तर हिशेबांखालच्या टिपांमध्ये. तुमच्या वाचकाने तो तक्ता पाहून कोणाच्या ठेवी योजनेत पैसे ठेवायचे हे ठरवले असेल, तर त्याला काय सांगणार?

हे मी इतक्या तळमळीने लिहितो आहे, कारण हीच चूक माझ्या टेबलावर येऊन गेली आहे. मी कोल्हापुरात कपड्यांच्या दुकानांच्या एका कंपनीचे हिशेब सांभाळतो. आमची कंपनी शेअर बाजारात नोंदलेल्या एका समूहाची उपकंपनी झाली आणि आम्हाला इंड एएस लागू झाले. दुकाने तीच, मालक तेच, भाडे तेच. फरक काय पडला ते एका दुकानावरून सांगतो. करार पाच वर्षांचा, भाडे वर्षाला १० लाख, सोयीसाठी प्रत्येक वर्षाच्या शेवटी दिले असे धरू. आम्हाला बँक ज्या दराने कर्ज देईल तो दर १० टक्के. पुढच्या पाच हप्त्यांची आजची किंमत काढली की येते ३७.९१ लाख. तेवढी लीज लायबिलिटी, तेवढीच वापर-हक्काची मालमत्ता. पहिल्या वर्षी मालमत्तेवर घसारा ७.५८ लाख आणि देण्यावर व्याज ३.७९ लाख, म्हणजे खर्च ११.३७ लाख. खिशातून गेले १० लाखच! पाचव्या वर्षी हाच खर्च ८.४९ लाखांवर येतो आणि पाच वर्षांची बेरीज ५० लाखांवर जुळते. पैसा बदलत नाही, खर्च कोणत्या वर्षी किती दिसतो तेवढे बदलते. सुरुवातीच्या वर्षांत नफा कमी दिसतो, शेवटी जास्त.

यातला बँकेला खटकणारा भाग असा की, ३७.९१ लाखांपैकी पुढच्या बारा महिन्यांत फेडायचे मुद्दल, म्हणजे ६.२१ लाख, चालू देण्यांत जाते. वापर-हक्काची मालमत्ता मात्र पूर्णच्या पूर्ण दीर्घ मुदतीची मानली जाते. म्हणजे चालू देणी वाढतात, चालू मालमत्ता तशीच राहते आणि चालू मालमत्ता भागिले चालू देणी, म्हणजे करंट रेशो, खाली येतो. एका दुकानाने काही बिघडत नाही. सगळी दुकाने धरली तेव्हा आमचा करंट रेशो बँकांच्या नेहमीच्या १.३३ च्या खाली गेला.

दिवाळीच्या मालासाठी कॅश क्रेडिटची मर्यादा वाढवून हवी होती. बँकेतील अधिकाऱ्यांनी आमची सगळी लीज लायबिलिटी कर्जात धरली. इथपर्यंत माझी तक्रार नाही, कारण ते देणे आहेच, करार मोडला तर मालक भाडे मागणारच. पण परतफेडीची क्षमता तपासताना त्यांनी त्याच पत्रकात नफ्यातून दुकानांचे पूर्ण भाडेही वजा केले. मी विचारले, "साहेब, भाडे वजा केलेत, तर मग देणे कर्जात का मिळवता?" ते म्हणाले, "भाडे तर द्यावेच लागते ना? आणि ताळेबंदात लायबिलिटी छापलेली आहे, ती मी सोडू कशी?" मी त्यांच्यासमोर बसून दोन पत्रके करून दाखवली. एकात भाडे खर्चात धरले आणि लीज लायबिलिटी शून्य ठेवली, दुसऱ्यात भाडे खर्च नाही आणि लीज लायबिलिटी कर्जात. दोन्हींत आम्ही पात्र ठरत होतो. त्यांचे पत्रक तिसरेच होते आणि त्यात एकच भाडे दोनदा कापले गेले होते. मर्यादा वाढली नाही. विणकरांच्या ऑर्डर आम्ही अर्ध्यावर आणल्या आणि सणाच्या ऐन आठवड्यात इचलकरंजीचा माल संपलेला होता. बँकेचे नाव लिहीत नाही, अधिकारी वाईट नव्हते. पण तुमच्यासारख्या वृत्तपत्रात असे लेख वाचून त्यांच्या मनात ही सरमिसळ पक्की होते, हे मी खात्रीने सांगतो.

तुमच्या लेखात याच्या उलट दिशेची चूकही आहे. नोंदलेल्या कंपनीचा एबिटडा 'लक्षणीय सुधारल्या'चे कौतुक केले आहे. एबिटडा म्हणजे व्याज, कर आणि घसारा वजा करण्याआधीचा नफा. इंड एएस ११६ मध्ये भाडे या नावाचा खर्चच उरत नाही, त्याचे घसारा आणि व्याज होते, आणि दोन्ही एबिटडाच्या खाली जातात. माझ्या उदाहरणातील दुकानाचा एबिटडा एका रात्रीत १० लाखांनी वाढला, एक शर्टसुद्धा जास्त न विकता. रोकड प्रवाह पत्रकातही हे भाडे धंद्याच्या विभागातून वित्तपुरवठ्याच्या विभागात जाते, म्हणून धंद्यातून येणारी रोख फुगलेली दिसते. एबिटडा नव्या पद्धतीचा घ्यायचा असेल, तर कर्जात लीज लायबिलिटी घ्यायलाच हवी. काही कंपन्या, त्यात चित्रपटगृहांची साखळी असलेली पीव्हीआर आयनॉक्सही आली, या मानकाचा परिणाम बाजूला ठेवूनचे आकडेही वेगळे देतात. ते वापरायचे असतील, तर लीज लायबिलिटी कर्जातून काढा. कुठलीही एक वाट धरा.

ताळेबंदात सगळे आले म्हणून सगळे खरे दिसते, असेही नाही. मोठ्या दुकानांचे करार पुष्कळदा नऊ वर्षांचे असतात आणि भाडेकरूवर लॉक-इन, म्हणजे मध्येच जागा सोडता न येणारा काळ, तीन वर्षांचे असते. मोजायची मुदत तीन की नऊ? मानक सांगते की, भाडेकरू पुढे चालू ठेवणार हे वाजवी खात्रीने म्हणता येत असेल, तर तो काळही धरा. ज्याने दुकानाच्या सजावटीवर कोटभर खर्च केला, तो तीन वर्षांत उठून जाणार नाही, हे शेंबडे पोरही सांगेल. तरीही तीनच वर्षे धरली, की देणे निम्म्याहून कमी दिसते. हे ओळखायचे कसे? वार्षिक अहवालातील लीजच्या टिपेत वापर-हक्काच्या मालमत्तेची शिल्लक आणि वर्षाचा घसारा दिलेला असतो. शिल्लक भागिले घसारा केले की सरासरी किती वर्षे उरली ते अंदाजाने कळते. दुकाने जुनी आणि जमलेली, पण उत्तर दीड-दोन वर्षे येत असेल, तर मुदत आखूड धरली असावी. त्याच टिपेत अल्प मुदतीच्या करारांचे भाडे आणि विक्रीच्या टक्केवारीवरचे भाडे वेगळे दिलेले असते. ही दोन्ही भाडी लायबिलिटीत येत नाहीत. ती मोठी असतील, तर ताळेबंद पाहून गप्प बसू नये.

आणि एएस १९ वाल्या कंपनीच्या टिपांत 'भविष्यातील किमान भाडेदेणी' हा तक्ता शोधावा. एक वर्षापर्यंतची, एक ते पाच वर्षांची, पाच वर्षांपुढची, असे तीन भाग त्यात असतात. पण तो फक्त रद्द न करता येणाऱ्या करारांचा असतो, आणि लहान कंपन्यांना त्यातूनही सूट आहे. तीन महिन्यांच्या नोटिशीचे कलम घातले की तक्ता रिकामा. तुमच्या 'कर्जमुक्त' कंपनीचा हा तक्ता लेखकांनी उघडून पाहिला होता का, एवढेच विचारतो.

हा प्रश्न काही आजचा नाही. अमेरिकेत जुन्या नियमात भाड्यांची आजची किंमत मालमत्तेच्या किमतीच्या ९० टक्के झाली की लीज ताळेबंदात घ्यावी लागे, म्हणून करार ८९ टक्क्यांवर बेतले जात. आंतरराष्ट्रीय लेखामानक मंडळाचे तेव्हाचे अध्यक्ष डेव्हिड ट्वीडी म्हणाले होते की, विमान कंपनीच्या ताळेबंदात असलेल्या विमानातून एकदा तरी प्रवास करायची मरण्याआधी इच्छा आहे. आता ती विमाने ताळेबंदात आली आहेत. इंडिगो चालवणाऱ्या आपल्या इंटरग्लोब एव्हिएशनचे विमानांचे भाडेदेणे बहुतांशी डॉलरमध्ये आहे. रुपया घसरला की ते देणे नव्या दराने मोजले जाते आणि तोटा त्याच तिमाहीत दिसतो, विमानाच्या हक्काची नोंद मात्र जुन्याच रुपयांत राहते. तुमच्याकडे अशा तिमाहीची बातमी 'कंपनीला मोठा फटका' एवढ्यावर संपते.

जाता जाता, कालच्या तक्त्यात आकडे लाखांत आहेत की कोटींत, हे कुठेच छापलेले नव्हते. असे याआधीही झाले आहे.

माझी विनंती स्पष्ट आहे. दोन्ही कंपन्या कोणत्या मानकाप्रमाणे हिशेब करतात ते छापावे, 'कर्जमुक्त' हा शब्द मागे घ्यावा, आणि मार्च २०२१ मध्ये सुधारलेल्या कंपनी कायद्याच्या शेड्यूल तीनप्रमाणे ताळेबंदात कर्जापासून वेगळ्या ओळीत दिसणारी लीज लायबिलिटी तुमच्या तक्त्यातही वेगळ्या रकान्यात द्यावी. जागा कमी असेल तर माझे पत्र छापू नका, दुरुस्ती छापा.

आपला नियमित वाचक,
एक लेखापाल, कोल्हापूर