एकाच दिवशी दोन्ही विधी लावून देणाऱ्या काकांना

आदरणीय काका,

सप्रेम जय भीम आणि नमस्कार.

परवा महानगरपालिकेच्या झोन ऑफिसातून विवाह नोंदणीचा दाखला मिळाला. अर्जाची प्रत पुन्हा एकदा पाहिली. विधी लावणाऱ्याच्या जागी तुमची सही आहे आणि तीन साक्षीदारांत माझ्या आत्याची. या दोन सह्या एका कागदावर येतील असं आमच्या महाल भागातल्या घरात वर्षभरापूर्वी कुणालाच वाटलं नसतं. म्हणून हे पत्र उघडपणे लिहिते आहे. नागपुरात आमच्यासारखी, एक बाजू हिंदू आणि एक बौद्ध असलेली घरं पुष्कळ आहेत, त्यांच्याही हाती ते पडावं.

मी पहिल्यांदा इंदोऱ्याला तुमच्याकडे आले तेव्हा माझ्या वहीत दोन्हीकडच्या विधींची यादी होती आणि त्यांचं मिश्रण कसं करायचं एवढंच मला विचारायचं होतं. अंतरपाट धरून मंगलाष्टकांऐवजी बौद्ध जयमंगल गाथा म्हणता येतील का, असंसुद्धा मी विचारलं. दोन्हीत आठ-आठ कडवी, दोन्हींच्या शेवटी मंगल, म्हणून मला ते सुंदर वाटत होतं. तुम्ही वही मिटून ठेवलीत आणि म्हणालात, "मिसळू नका. आधी कोणाला काय करायला लावायचं नाही, ते लिहून आण. आणि त्याआधी दीक्षाभूमीवरचा स्तंभ वाचून ये."

त्या स्तंभाजवळून मी किती वेळा गेले असेन, पण बावीस प्रतिज्ञा ओळीने त्या दिवशी पहिल्यांदा वाचल्या. आठवीत लिहिलं आहे की कोणतंही क्रियाकर्म ब्राह्मणाच्या हातून करवून घेणार नाही. आमच्या यांच्या आजोबांनी 14 ऑक्टोबर 1956 ला, पंधराव्या वर्षी, पांढऱ्या कपड्यांत उभं राहून हे शब्द बाबासाहेबांच्या मागून म्हटले होते. म्हणजे नातवाला होमापुढे बसवून गुरुजींकडून विधी करवून घेणं त्यांच्यासाठी आवडी-नावडीचा प्रश्न नव्हताच. दिलेला शब्द मोडण्याचा होता.

पाचवी प्रतिज्ञा वाचताना तर मला घाम फुटला. बुद्ध हा विष्णूचा अवतार आहे हे मी मानणार नाही, अशी ती आहे. आणि साखरपुड्याच्या बोलणीत माझे मामा अगदी प्रेमाने म्हणाले होते, "अहो, बुद्ध तर आमचाच नववा अवतार, मग वेगळं काय आहे?" आजोबा काहीच बोलले नव्हते. हातातला चहाचा कप खाली ठेवून ते दाराकडे पाहत राहिले होते. आम्हाला वाटलं, थकले असतील. मामांना जवळ घेणारं वाटलेलं वाक्य आजोबांना पुसून टाकणारं होतं. तुम्ही स्वतः मामांच्या घरी जाऊन हे समजावलंत. पत्रिकेवर गणपती आणि बुद्ध एकाखाली एक छापायचे नाहीत, हेही त्याच दिवशी ठरलं. दोन वेगळ्या पत्रिका निघाल्या. तारीख आणि सभागृह एकच, वेळा दोन.

मग क्रमावरून अडलं. माझ्या आजीला भीती होती की जे आधी होईल ते खरं लग्न आणि नंतरचं नुसतं देखाव्याचं. म्हणूनच तुम्ही दोन दिवस करू दिले नाहीत. क्रमाचा तिढाही तुम्ही मानापमानात न अडकता सोडवलात. बौद्ध विवाहाला मुहूर्त लागत नाही, तो सकाळी होऊ शकतो. आजीला मुहूर्त हवा, तर गोरज मुहूर्त संध्याकाळचाच असतो. कोण आधी हे घड्याळाने ठरवलं, म्हणून कोणी हरलं नाही.

आजीचा दुसरा प्रश्न तुम्हाला आठवत असेल. "पोरीले धरम बदलवा लागन का जी?" तुम्ही तिच्या शेजारी खाली बसून सांगितलंत की 1955 चा हिंदू विवाह कायदा बौद्धांनाही लागू आहे. दोघांपैकी कोणाही एकाच्या रूढीप्रमाणे विधी झाला तरी त्यात लग्न होतं. धर्म बदलावा लागत नाही आणि विशेष विवाह कायद्यातली तीस दिवसांची नोटीसही इथे लागत नाही. नोंदणीत तारीख लिहितात, सकाळ की संध्याकाळ हे कोणी विचारत नाही. हे शेवटचं ऐकून आजी पहिल्यांदा हसली.

सकाळचा विधी तुम्ही पुरता केलात, काही गाळलं नाही. पांढऱ्या वस्त्रावर बुद्ध आणि बाबासाहेबांच्या प्रतिमा, दीप, धूप, फुलं, त्रिसरण, पंचशील. आमच्या दोघांच्या पाच-पाच प्रतिज्ञा तुम्ही पालीनंतर मराठीतही म्हणवून घेतल्यात, म्हणून माझ्या आईला कळलं की पतीने पत्नीचा मान राखायचा, तिचा अवमान करायचा नाही, तिच्या हाती घराचा अधिकार द्यायचा, हे त्यात स्पष्ट आहे. ती जेवताना तेच बोलत होती.

दारात मात्र घोळ झालाच. माझी काकू सवयीने औक्षणाचं ताट घेऊन पुढे झाली आणि कुंकवाचं बोट आजोबांच्या कपाळापर्यंत गेलं. तुम्ही मध्ये आलात, तिच्या ताटातलं फूल उचलून तिच्याच हाताने आजोबांना देववलंत. काकूचा हात रिकामा परतला नाही आणि आजोबांना मान मागे घ्यावी लागली नाही. संध्याकाळी अक्षता वाटतानाही त्यांच्या ओळीत पाकळ्या गेल्या, त्या तुम्ही आधीच वेगळ्या ठेवल्या होत्या.

संध्याकाळच्या विधीत काय राहिलं तेही मोकळेपणाने लिहिते. देवक आणि ग्रहमख आई-बाबांनी पहाटे घरीच केले. गौरीहर मी माझ्या खोलीत पुजला. अग्नी गुरुजींनी बाबांकडून पेटवून घेतला आणि आहुती आई-बाबांनीच दिल्या. कन्यादान आणि लाजाहोम झाले नाहीत. शास्त्राप्रमाणे हा पूर्ण विवाहहोम नव्हे, असं गुरुजींनी आजीला आधीच सांगितलं होतं. तिला एकच विचारलं होतंत तुम्ही, की काय नसेल तर तुला लग्न झालं असं वाटणार नाही. ती म्हणाली, अंतरपाट, मंगलाष्टकं आणि सात पावलं. मंगलाष्टकं माझ्या मावश्यांनी आमच्या घरच्यांची नावं गुंफून रचली आणि गायली. मग गुरुजी बाजूला होऊन पाहुण्यांत बसले. तांदळाच्या सात राशींवरून आम्ही चाललो आणि प्रत्येक पावलाचा अर्थ आत्याने मराठीत वाचला. सातव्याला तिने वाचलं, "आता तू माझी सखी हो."

तेव्हा मी आजोबांकडे पाहिलं. ते उठून गेले नव्हते. पहिल्या रांगेत, आजीच्या शेजारच्या खुर्चीत, पाकळ्या मुठीत धरून बसले होते. पुढे आले आणि त्यांनी त्या आमच्यावर टाकल्या. आजीने हातातल्या अक्षता टाकल्या त्याच क्षणी.

तुम्ही दक्षिणा घेतली नाहीत, उपरणंही परत केलंत. म्हणून त्या क्षणाचा फोटो मोठा करून घेतला आहे. रविवारी आम्ही दोघं तो घेऊन येतो आहोत. आजीही येते म्हणते, तिला तुमचं घर पाहायचं आहे.

तुमची,
महालातली सून-लेक