परत पाठवण्याआधी त्याला विचारा : केंद्रीय गृहमंत्र्यांना जळगावहून खुले पत्र

मा. केंद्रीय गृहमंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली.

महोदय,

सादर नमस्कार.

मी जळगावच्या जिल्हा न्यायालयात वकिली करतो. पाकिस्तानातल्या सिंधमधून आलेल्या काही कुटुंबांचे दीर्घ मुदतीच्या व्हिसाचे अर्ज मी भरून देतो, त्यामुळे आपल्या खात्याचे आदेश आणि परिपत्रकं नेहमी हाताखाली असतात. या पत्रात एकच मागणी आहे. आश्रय मागणाऱ्या परदेशी माणसाला देशाबाहेर काढण्याआधी त्याचं म्हणणं ऐकून लेखी निर्णय देण्याची सक्ती नियमांत यावी. ही मागणी आपल्याच खात्याच्या कागदांवर उभी आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

१ सप्टेंबर २०२५ पासून परदेशी नागरिकांविषयीचा नवा कायदा लागू झाला आणि त्याबरोबरच आपल्या खात्याने सूट देणारा आदेश काढला. अफगाणिस्तान, बांगलादेश आणि पाकिस्तानातले हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी आणि ख्रिस्ती लोक धार्मिक छळामुळे किंवा छळाच्या भीतीने ३१ डिसेंबर २०२४ पर्यंत भारतात आले असतील, तर वैध पासपोर्ट-व्हिसा नाही म्हणून त्यांच्यावर कारवाई होणार नाही, असं त्यात आहे. आमच्याकडच्या सिंधी वस्त्यांत या आदेशाचं मोल काय आहे ते मी पाहिलंय.

एप्रिल २०२५ मध्ये पहलगामच्या हल्ल्यानंतर पाकिस्तानी नागरिकांचे व्हिसा रद्द झाल्याची बातमी आली, त्या संध्याकाळी एक बाई माझ्या ऑफिसात आल्या. हातात कापडी पिशवी. पिशवीत हिरवे पासपोर्ट, मुदतवाढीच्या अर्जांच्या पावत्या, हमीपत्र, लाइटबिल, मुलीच्या शाळेचा दाखला. एकेक कागद टेबलावर मांडत त्या एवढंच विचारत होत्या, "भाऊ, आमाले पाठाडतीन का?" इतक्या वर्षांत अहिराणी त्यांच्या तोंडी चांगली बसली आहे. हिंदू कुटुंबांना आधीच दिलेले दीर्घ मुदतीचे व्हिसा रद्द होणार नाहीत, हा सरकारचा खुलासा मी त्यांना वाचून दाखवला. तो दोनदा वाचायला लावून मग त्यांनी कागद परत पिशवीत भरले.

त्या बाईंना सरकारने वाचवलं ते का? त्या परत गेल्या तर त्यांचं काय होईल, हा प्रश्न सरकारने स्वतःला विचारला म्हणून. आंतरराष्ट्रीय शरणार्थी कायदा याच प्रश्नावर उभा आहे. माझं म्हणणं इतकंच, की हा प्रश्न तीन देश आणि सहा धर्मांपाशी थांबू नये.

२८ जुलै १९५१ ला जिनिव्हात शरणार्थींविषयीचा करार झाला. त्यातली व्याख्या साध्या भाषेत अशी : माणूस स्वतःच्या देशाबाहेर असला पाहिजे. परत गेल्यास छळ होईल अशी भीती त्याला हवी आणि त्या भीतीला आधार हवा. त्या छळामागे वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गटातलं असणं किंवा राजकीय मत यांपैकी एखादं कारण हवं. आणि त्याचं स्वतःचं सरकार त्याला संरक्षण देऊ शकत नसावं, किंवा भीतीपोटी तो ते मागू शकत नसावा. मूळ करार १ जानेवारी १९५१ पूर्वीच्या घटनांपुरताच होता. १९६७ च्या पूरक कराराने ती तारीख काढून टाकली.

ही व्याख्या अनेकांना वाटते त्यापेक्षा अरुंद आहे. सरदार सरोवरात घर-शेत गेलेला अक्कलकुव्यातल्या मणिबेलीचा माणूस तिच्यात बसत नाही, कारण त्याने देशाची हद्द ओलांडलेली नाही. तो विस्थापित आहे आणि त्याचे हक्क वेगळ्या कायद्यांत आहेत. निव्वळ कामधंद्यासाठी सीमा ओलांडून आलेलाही बसत नाही. म्हणजे ही व्याख्या मान्य केली की सगळ्या जगाला दार उघडं होईल, ही भीती व्याख्या न वाचताच घातली जाते. पण जो बसतो, तो बसतोच. अधिकाऱ्याने शिक्का मारल्यावर माणूस शरणार्थी होत नाही. तो आधीच शरणार्थी असतो, शिक्का फक्त ते नोंदवतो. अर्जाचा निर्णय होण्याआधीच त्याला परत पाठवणं चुकीचं ठरतं ते यामुळेच.

भीतीला आधार हवा म्हणजे किती हवा? छळ होणारच, असं सिद्ध करावं लागत नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्ये म्हटलं, की दहात एक इतकी शक्यता असली तरी भीती साधार ठरू शकते. मला हे पटतं. चुकून ठेवून घेतलेल्या माणसाला उद्या परत पाठवता येतं. चुकून पाठवलेल्याला तुरुंगातून किंवा कबरीतून परत आणता येत नाही.

व्याख्येत बसणाऱ्याला मिळणारं सर्वांत मोठं संरक्षण कराराच्या ३३ व्या कलमात आहे. जिथे त्याच्या जिवाला किंवा स्वातंत्र्याला वरच्या पाचांपैकी कोणत्याही कारणाने धोका आहे, तिथे त्याला कुठल्याही रीतीने परत धाडायचं नाही. कुठल्याही रीतीने, म्हणजे विमानात बसवून नाही आणि रात्री सीमेवर नेऊन पलीकडे ढकलूनही नाही. त्याला कायमचा ठेवून घ्या, नागरिकत्व द्या, असं हे कलम म्हणत नाही. सुरक्षित अशा तिसऱ्या देशात पाठवायलाही ते अडवत नाही. अपवादही आहेत : देशाच्या सुरक्षेला धोका मानण्याजोगं सबळ कारण असलेला, किंवा विशेष गंभीर गुन्ह्यात अंतिम शिक्षा झालेला माणूस या कलमाचा आधार मागू शकत नाही. पण हा अपवाद त्या त्या माणसाला लावायचा असतो, सगळ्या जमातीला नाही.

आपल्या बाजूचं उत्तर मला माहीत आहे : भारताने या करारावर सही केलेली नाही. खरं आहे. पण नागरी आणि राजकीय हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार भारताने १९७९ मध्ये स्वीकारला. तेव्हा परदेशी नागरिकांच्या हकालपट्टीविषयीच्या १३ व्या कलमाबाबत आपण राखीव अट नोंदवली. छळ आणि क्रूर वागणुकीला मनाई करणाऱ्या सातव्या कलमाबाबत मात्र अशी अट घातलेली नाही. जिथे असा छळ होण्याचा धोका आहे तिथे माणसाला पाठवू नये, असा त्या कलमाचा अर्थ संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीने १९९२ मध्येच सांगितला आहे. शिवाय आपल्या राज्यघटनेचं २१ वं कलम आहे. ते नागरिकांपुरतं नाही, ते या भूमीवरच्या प्रत्येक व्यक्तीचं आहे. अरुणाचल प्रदेशात राहणाऱ्या चकमा निर्वासितांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये हेच सांगितलं.

हे प्रत्यक्षात कसं उतरतं ते इम्फाळच्या प्रकरणात दिसतं. १ फेब्रुवारी २०२१ ला म्यानमारमध्ये लष्कराने सत्ता बळकावली. मार्चमध्ये पाच वृत्तसंस्थांचे परवाने रद्द झाले, त्यांत मिझिमा होती. मिझिमाचे तीन पत्रकार आणि कुटुंबातली माणसं, मुलंबाळं धरून सात जण, कागदपत्रांशिवाय मोरे या सीमेवरच्या गावाच्या बाजूने मणिपूरमध्ये आले. त्याच सुमारास आपल्या खात्याचे आदेश सीमेवरच्या राज्यांना गेले होते, की म्यानमारमधून बेकायदा येणाऱ्यांना रोखा आणि परत पाठवा. हे सात जण त्या आदेशाच्या भाषेत बेकायदा स्थलांतरितच होते. आता त्यांना व्याख्या लावून पाहा. देशाबाहेर आहेत. आपली संस्था बंद पाडली गेलेली त्यांनी पाहिली आहे, तेव्हा भीतीला आधार आहे. कारण राजकीय मत. आणि ज्या सरकारकडे संरक्षण मागायचं तेच त्यांच्या मागे लागलेलं. ज्येष्ठ वकील नंदिता हक्सर यांच्या याचिकेवर मणिपूर उच्च न्यायालयाने ३ मे २०२१ ला सांगितलं, की परत न धाडण्याचं तत्त्व २१ व्या कलमात वाचता येतं. सातही जणांना दिल्लीला जाऊन संयुक्त राष्ट्रांच्या शरणार्थी कार्यालयात अर्ज करण्यासाठी सुरक्षित वाट द्यावी, असा आदेशही दिला. गुजरात उच्च न्यायालयाने दोन इराकी तरुणांच्या प्रकरणात १९९८ मध्ये हेच तत्त्व मानलं होतं. देशाच्या सुरक्षेला बाधा येत नसेल तोवर, ही मर्यादा त्या न्यायालयाने घातली, आणि ती रास्त आहे.

उलट बाजूही मांडतो. मणिपूरच्या निकालाआधी महिनाभरही झाला नव्हता, तेव्हा ८ एप्रिल २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने जम्मूतल्या रोहिंग्यांना अंतरिम दिलासा नाकारला. हद्दपार न होण्याचा हक्क हा या देशात राहण्याच्या हक्काशी जोडलेला आहे आणि तो फक्त नागरिकांना आहे, असं न्यायालय म्हणालं. मात्र ठरलेली प्रक्रिया पाळल्याशिवाय त्यांना पाठवू नये, हेही त्याच आदेशात आहे. मग ती प्रक्रिया कुठे आहे?

ती आपल्या खात्याच्या कपाटात आहे. २९ डिसेंबर २०११ ला गृह मंत्रालयाने राज्यांना एक कार्यपद्धती पाठवली आणि २०१९ मध्ये ती सुधारली. शरणार्थी असल्याचा दावा करणाऱ्याची तपासणी कशी करायची ते तिच्यात आहे. वंश, धर्म, लिंग, राष्ट्रीयत्व, वांशिक ओळख, सामाजिक गट किंवा राजकीय मत यांमुळे छळाची साधार भीती प्रथमदर्शनी खरी वाटली, तर सुरक्षा तपासणी करून दीर्घ मुदतीच्या व्हिसासाठी शिफारस करायची. महोदय, १९५१ ची व्याख्या आपल्याकडे आहेच, उलट लिंगाच्या कारणापुरती ती जिनिव्हाहून पुढे गेली आहे. पण ही पद्धत अधिकाऱ्यांना उद्देशून लिहिलेली आहे. ज्याच्या जिवाचा प्रश्न आहे त्याला तिच्यावर बोट ठेवून हक्क सांगता येत नाही. दावा फेटाळला तर कारण लेखी मिळण्याची आणि वर दाद मागण्याची सोयही नाही.

घाईत काय होतं ते २०२५ मध्ये दिसलं. जून महिन्यात महाराष्ट्रात मजुरीला आलेल्या पश्चिम बंगालच्या काही जणांना बांगलादेशी समजून सीमेपलीकडे ढकललं गेलं आणि ते भारतीय असल्याचं कळल्यावर परत आणावं लागलं. स्वतःचे नागरिक ओळखता आले नाहीत, तिथे छळातून पळून आलेला अफगाणिस्तानातल्या हजारा जमातीचा किंवा पाकिस्तानातल्या अहमदिया पंथाचा माणूस एका रात्रीत कसा ओळखला जाणार? पाकिस्तानातल्या अहमदियाचा छळही धर्मामुळेच होतो, पण आपल्या सूट आदेशात त्याचं नाव नाही. आमच्या सिंधी कॉलनीतल्या बाईंची भीती आणि त्याची भीती यांत मला कायद्याने फरक करता येत नाही.

म्हणून विनंती अशी, की २०११ ची ती कार्यपद्धती नव्या कायद्याखालचे नियम म्हणून राजपत्रात प्रसिद्ध करावी. दावा केलेल्या माणसाला त्याच्या भाषेतल्या दुभाष्यासह सुनावणी मिळावी आणि त्याला वकील करता यावा. निर्णय सकारण आणि लेखी असावा, त्यावर एक अपील असावं, आणि अपिलाचा निकाल लागेपर्यंत कोणालाही सीमेवर नेऊ नये. सुरक्षेचा अपवाद लावायचा असेल तर तो त्या माणसाच्या कृत्यावरून लावावा आणि तसं नोंदवावं. संसदेत नवं विधेयक आणण्याची यासाठी गरज नाही. कायद्याने नियम करण्याचा अधिकार आपल्याला दिलेला आहे. मसुदा हरकती-सूचनांसाठी खुला झाला, तर जळगावहून पहिली सूचना माझी असेल.

आपला नम्र,
जळगाव जिल्हा न्यायालयातला एक वकील