वडा, पाव!

सोलापूर,
रविवार, दुपार

प्रिय सिद्ध्या,

काय बे, शेंगापोळीच्या फोटोवर ग्रुपात कोणी हसलं नाही म्हणून रुसलास म्हणे. फोनवर सांगायला गेलो तर मध्येच तोडतोस, म्हणून हे पत्र.

तू लिहिलं होतंस, ‘आज गरम शेंगापोळी, वर साजूक तूप, म्हणजे आपल्याच पोळीवर तूप ओढलं, हाहा!’ अरे, पोळी फोटोत दिसतेय, तूप ओघळताना दिसतंय. परत कशाला सांगायचं? वर म्हणही तूच म्हटलीस आणि हसलासही तूच. आम्हाला काही कामच ठेवलं नाहीस. नुसतं ‘स्वार्थी आहे, मान्य’ एवढं लिहून थांबला असतास, तर तूप बघून म्हण आमची आम्हाला आठवली असती.

गेल्या वटपौर्णिमेचं आठवतंय? तुझ्या वहिनीचा कडक उपास, आणि मी पार्क चौकात पावसात वडापाव खात उभा. फोटो काढला. आधी लिहिलं, ‘वटपौर्णिमेच्या दिवशी वडापाव’. वाचलं आणि खोडलं, ती नुसती बातमी होती. मग चहा संपेपर्यंत शब्द चघळत बसलो आणि एकदम दिसलं, की वड या झाडाला हाक मारायची तर ‘वडा’ अशीच मारणार, रामाला ‘रामा’ म्हणतो तशी. आणि ‘देवा पाव’ मधला पाव तर तयारच होता. लिहिलं, ‘वडा, पाव!’ बस्स. शाळेत सभंग श्लेष शिकलो होतो ना, शब्द फोडला की दुसरा अर्थ निघतो, तोच हा. (‘मित्राच्या उदयाने सर्वांनाच आनंद होतो’ हे उदाहरण पाठ करताना बाई तुझ्याकडे बघायच्या. त्यात शब्द फोडावा लागत नाही, मित्र म्हणजे सूर्यही.)

सगळी करामत त्या स्वल्पविरामाची. तो काढला की उरतो नुसता वडापाव. शिवाय दिवस तोच हवा. दुसऱ्या दिवशी टाकला असता तर वडाचं झाड कोणाच्या डोक्यात आलं असतं? आपल्यातल्या एकाने तर त्या दिवशीही विचारलं, ‘कुठली गाडी बे?’ खाण्याबद्दल प्रश्न आला की समजावं, ओळ डोक्यावरून गेली. मी गप्प बसलो. रात्री अकराला त्याचा एक शब्द आला, ‘हलकटा’.

मग मला हाव सुटली. दुसऱ्या दिवशी त्याच गाडीवर गेलो आणि लिहायला घेतलं, ‘वडाला फेऱ्या मारतोय’. पण खायचा तो वडा, त्याला प्रत्यय लागला की होतो ‘वड्याला’. झाड तेवढं ‘वडाला’. प्रत्यय लागला आणि दोन शब्द वेगळे झाले. फोटो तसाच पुसून टाकला. तेव्हापासून मी आधी ‘ला’ आणि ‘ने’ लावून बघतो.

या बाबतीत ‘कडक’ शब्द सोन्यासारखा. भाकरी कडक, मास्तर कडक, चहा कडक, कोणापुढेही लावा, बदलत नाही. अक्कलकोटला सासुरवाडीला गेलो तेव्हा कडक भाकऱ्यांची चळत आणि शेंगाचटणी समोर आली, खाली लिहिलं, ‘इथे सगळं कडक आहे’. सासऱ्यांना तू ओळखतोस. ‘खारं’ तसं नाही, ते खारा, खारी, खारे होत बसतं आणि नेमकं कोणाला म्हणतोय ते लगेच उघडं पडतं.

तिथलाच दुसरा फोटो, भरलेल्या ताटाचा. सासूबाई कन्नडमध्ये विचारतात, ‘ऊट आयता?’ म्हणजे जेवण झालं का? मी खाली प्रश्नचिन्ह काढून तेच लिहिलं, ‘ऊट आयता!’ कारण जावयाला बसल्या जागी मिळालेलं ते, आयतंच की. तू लगेच हसलास, तुझी आज्जी घरात कन्नड बोलायची. तोच फोटो पुण्याच्या साडूला पाठवला, तर त्याने विचारलं, ‘उंट? कुठला उंट?’ मग त्याला नुसता चटणीचा फोटो पाठवला, खाली काही न लिहिता. आपल्या चौघांत जे चालतं ते साडूकडे नेऊ नये, हे तिथे कळलं.

बाकी घरी सगळे ठीक. आई विचारत होती, हुरड्याला येणार का? जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेला ये, मग दोन्ही होईल.

सोबत आठ शेंगापोळ्या पाठवतोय. तूप तुझं तू ओढ.

तुझाच,
अप्पा